प्रिसेप्टर सिस्टरांना लिहायचं पत्र

बी.एस्सी. नर्सिंगची पदवी हातात येते तेव्हा तिच्यावर विद्यापीठाचं नाव असतं. गुणपत्रिकेवर विषय आणि गुण असतात. पण वॉर्डात शेजारी उभं राहून जिने शीर शोधायला शिकवलं, केस पेपर कसा वाचायचा ते दाखवलं, रात्रीच्या ड्यूटीत डॉक्टरांना फोन करताना काय बोलायचं ते सांगितलं, त्या स्टाफ नर्सचं नाव यातल्या एकाही कागदावर नसतं. लॉगबुकाच्या रकान्यांत तिच्या सह्या असतात, आणि ते लॉगबुक कॉलेजात जमा होतं. शेवटची पोस्टिंग संपताना विद्यार्थिनी तिला जे आभाराचं पत्र लिहिते, त्याचं मोल म्हणूनच मोठं आहे. त्या सिस्टरने काय शिकवलं आणि त्यातलं काय टिकलं, याची लेखी नोंद बहुधा त्या एका पत्रातच होते.

मी नर्सिंग शिकवते. दर वर्षी शेवटच्या सत्रात काही मुलं-मुली अशा पत्राचा मसुदा दाखवायला आणतात. भावना खरी असते, पण मजकूर बहुतेकांचा सारखाच असतो. ‘आपण मला खूप काही शिकवलंत, वेळोवेळी मार्गदर्शन केलंत, मी आपली सदैव ऋणी राहीन.’ हे पत्र सर्जिकल वॉर्डातल्या सिस्टरना पाठवलं काय किंवा बालरोग विभागातल्या, एक शब्दही बदलावा लागणार नाही. अडचण इथेच आहे. नेमकं काय शिकवलं ते पत्रात नसेल, तर वाचणारीला त्यातून काहीच कळत नाही.

आधी ही प्रिसेप्टर कोण ते पाहू. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला शिकवणारी माणसं दोन प्रकारची असतात. कॉलेजातल्या मॅडम वर्गात शिकवतात, वॉर्डात येऊन केस प्रेझेंटेशन घेतात, गुण देतात. प्रिसेप्टर ही त्या रुग्णालयातली, रोजच्या ड्यूटीवरची अनुभवी नर्स असते. विद्यार्थिनी तिच्याबरोबर तिच्याच पाळीत काम करते. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्र पद्धतीने नव्याने आखला. त्यात आठवं सत्र इंटर्नशिपचं आहे. साधारण 22 आठवडे, आठवड्याला 48 तास. प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य असे विभाग फिरायचे. या काळात वर्ग जवळजवळ संपलेले असतात आणि मुलगी दिवस-रात्र वॉर्डात असते. त्या तासांतली खरी शिक्षिका प्रिसेप्टर.

बहुतेक ठिकाणी या शिकवण्यासाठी तिचे रुग्ण कमी केलेले नसतात. तिला तिच्या वाट्याची औषधं द्यायची असतात, नवीन भरती घ्यायची असते, ओव्हर घ्यायचं आणि द्यायचं असतं, आणि त्यातच शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातून काम करवून घ्यायचं असतं. स्वतः दोन मिनिटांत होणारं काम मुलीला करू दिलं तर दहा मिनिटं लागतात. ती आठ मिनिटं तिने आपल्या घाईच्या पाळीतून काढून दिलेली असतात. पत्रात आभार मानायचे ते याचे.

मग पत्रात लिहायचं काय? मी मुलांना एकच सांगते. एक प्रसंग निवडा, आणि तो असा निवडा की पुस्तकात जे लिहिलं होतं ते आणि समोर जे होतं ते, या दोन्हींच्या मध्ये तुमच्या प्रिसेप्टरने तुम्हाला विचार करायला लावला. इंजेक्शन कसं द्यायचं हे स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर शिकता येतं. इंजेक्शन आत्ता द्यायचं की थांबायचं, हे मात्र जिवंत रुग्णाच्या खाटेशीच शिकता येतं, आणि तिथे प्रिसेप्टरच असते.

उदाहरणासाठी प्रसूती विभागातली एक रात्र घेऊ. हा प्रसंग मी समजावण्यापुरता रचला आहे, पण त्यातलं प्रत्येक पाऊल रोजच्या कामातलं आहे.

गरोदरपणात रक्तदाब फार वाढून काही बायकांना फिट्स येतात. त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतणारा हा प्रकार. त्यावरचं औषध मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डाच्या भाषेत ‘मॅगसल्फ’. फिट्स आलेल्या बाईला ते देतातच, शिवाय फिट्स येण्याचा धोका असलेल्या बाईलाही देतात. 2002 मध्ये ‘मॅगपाय ट्रायल’ नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. असा धोका असलेल्या बायकांना मॅगसल्फ दिलं तर फिट्सचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, असं त्यात दिसून आलं. औषध स्वस्त आहे, जुनं आहे आणि खरोखर जीव वाचवणारं आहे.

पण ते जपून द्यावं लागतं. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत ते स्नायूत देण्याची पद्धत आहे. सुरुवातीच्या मोठ्या डोसनंतर दर चार तासांनी 5 ग्रॅम, आलटून पालटून एकेका नितंबात खोलवर. एका अँप्युलमध्ये 2 मिलिलिटर औषध असतं आणि त्यात 1 ग्रॅम मॅगसल्फ असतं. म्हणजे एका डोसला पाच अँप्युल फोडायच्या आणि 10 मिलिलिटर सिरिंजमध्ये भरायचं. इंजेक्शन दुखरं असतं. हे औषध शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडावाटे. लघवी कमी झाली की औषध आत साचत जातं. साचलं की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि नाहीशी होते, मग श्वास मंदावतो, आणि त्याही पुढे गेलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. श्वास मिनिटाला निदान 16 हवेत. गुडघ्याखालच्या शिरेवर हातोडीने हलकं ठोकल्यावर पाय उडायला हवा. आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला निदान 30 मिलिलिटर या हिशेबाने झालेली हवी. तिन्हींपैकी एकही कमी पडली तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हा यावरचा उतारा, तो ट्रेमध्ये तयार ठेवायचा.

हे सगळं विद्यार्थिनीला पाठ असतं. परीक्षेत विचारलं तर ती न अडखळता लिहील. आता रात्रीचे दोन वाजले आहेत. दहा वाजता डोस झाला आहे आणि केस पेपरवर चार तासांनी पुढचा लिहिलेला आहे. बाई बाळंत झालेली आहे, झोपेत आहे, रक्तदाब पूर्वीपेक्षा उतरला आहे. विद्यार्थिनी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, 18 भरतात. गुडघा ठोकते, पाय उडतो. दोन गोष्टी ठीक, औषधाची वेळ झालेली, केस पेपरवर डॉक्टरांची सही. अशा वेळी हात अँप्युलच्या ट्रेकडे वळतो.

प्रिसेप्टर तिला थांबवत नाही, फक्त विचारते, ‘पिशवीत किती आहे गं?’

पिशवीत दीडशे मिलिलिटर दिसतात. एवढं पुरेसं वाटतं. ती पुढचा प्रश्न विचारते, ‘दहा वाजता किती होतं?’ इनटेक-आउटपुट चार्ट उघडला जातो. दहा वाजता पिशवीत 80 मिलिलिटर होते आणि पिशवी रिकामी केलेली नव्हती. म्हणजे चार तासांत झाली 70 मिलिलिटर. हवी होती निदान 120. पिशवीतला आकडा डोळ्यांना दिसतो, पण उपयोगाचा असतो तो दोन आकड्यांमधला फरक. ही साधी वजाबाकी रात्री दोन वाजता आठवणं, हेच तर शिकायचं होतं.

इथून पुढची शिकवण आणखी बारीक आहे. कमी लघवी म्हणजे मूत्रपिंड कमी काम करतंय, असा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो. प्रिसेप्टर तिला आधी नळी पाहायला लावते. कॅथेटर मांडीखाली दुमडला आहे का? पिशवी खाटेच्या खाली, मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर लटकते आहे का? ओटीपोटावर हात ठेवून बघ, मूत्राशय फुगलेलं लागतंय का? नळी मोकळी आहे, पिशवी जागेवर आहे, पोट मऊ आहे. म्हणजे लघवी खरोखरच कमी तयार होते आहे. आता डॉक्टरांना फोन.

फोन कोण करणार? अनुभवी नर्सने केला तर अर्ध्या मिनिटात काम होतं. पण ती फोन विद्यार्थिनीच्या हातात देते आणि शेजारी उभी राहते. बोलण्याचा क्रम आधी ठरवून घेते. कोणत्या रुग्णाबद्दल आणि आत्ता काय झालं आहे, आधी काय घडलं होतं, मला काय दिसतं आहे, आणि तुमच्याकडून मला काय हवं आहे. जगभरातल्या रुग्णालयांत हा क्रम शिकवला जातो, कारण अर्धवट झोपेतल्या डॉक्टरलाही त्यातून चित्र स्पष्ट होतं. मुलगी सांगते, ‘सर, एक्लॅम्प्सियाची बाळंतीण, मॅगसल्फ चालू आहे, दोनचा डोस ड्यू आहे. श्वास 18 आहे, नी जर्क आहे, पण चार तासांत लघवी फक्त 70 आहे. कॅथेटर बघितला, मोकळा आहे. डोस थांबवून ठेवला आहे, तुम्ही येऊन बघाल का?’ निवासी डॉक्टर येतात, बाईला तपासतात, रक्ताच्या तपासण्या पाठवतात, डोस थांबवून ठेवतात आणि दर तासाला लघवी मोजायला सांगतात. पुढचा डोस कधी आणि किती, ते त्या मोजमापावर ठरणार.

शेवटचं काम नोंदीचं. नर्सेस नोट्समध्ये वेळ, तिन्ही निरीक्षणं, कोणाला कळवलं, कधी कळवलं, काय सांगितलं गेलं, हे सगळं लिहायचं. ‘डोस दिला नाही’ एवढंच लिहिलं तर सकाळच्या पाळीला वाटेल की राहून गेला. का दिला नाही ते लिहिलं की पुढच्या नर्सच्या हाती पूर्ण माहिती जाते.

या रात्रीतून पत्रात किती घ्यायचं? फार थोडं. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, तारीख, गाव, कुटुंबाची हकिगत यातलं काहीही पत्रात नको. आभाराचं पत्र कपाटात राहत नाही. ते स्टाफरूममध्ये वाचलं जातं, त्याचा फोटो निघतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. ज्या बाईने विश्वासाने आपलं शरीर शिकणाऱ्या मुलीच्या हाती दिलं, तिची ओळख त्यात उघड होता कामा नये. शिवाय पत्राचा विषय रुग्ण नाही. विषय आहे प्रिसेप्टरने विचारलेले दोन प्रश्न आणि हातात दिलेला फोन.

असं पत्र कसं दिसेल, त्याचा एक नमुना देते.

‘आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आज माझी इंटर्नशिप संपली. प्रसूती विभागातल्या माझ्या आठवड्यांबद्दल तुम्हाला लिहायचं होतं. मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत मुद्दाम थांबले होते.

एका रात्री मॅगसल्फचा डोस देण्याची वेळ झाली होती. तुम्ही मला ‘देऊ नकोस’ म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, पिशवीत किती आहे, आणि मग विचारलंत, आधी किती होतं. उत्तर माझ्याच तोंडून आलं. त्या रात्रीपासून मी कुठलाही आकडा एकटा वाचत नाही. रक्तदाब असो, ताप असो, नाल्यातून येणारं रक्त असो, आधीचा आकडा शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही. सर्जिकल वॉर्डात मला याचा लगेच उपयोग झाला.

डॉक्टरांना फोन करायची मला भीती वाटायची. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि शेजारी उभ्या राहिलात. मी बोलत असताना तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणालात, ‘काय हवं ते शेवटी सांगितलंस, बरं झालं.’ आता फोन उचलण्याआधी मी चार ओळी कागदावर लिहून घेते.

तिसरी गोष्ट तुमच्या लक्षातही नसेल. पहाटे तुम्ही त्या बाईंच्या आईला बाहेर जाऊन सांगितलंत की मुलगी स्थिर आहे आणि औषध का थांबवलं आहे. सोप्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. तुमची पाळी संपत आली होती, नोट्स बाकी होत्या. तरी तुम्ही गेलात. नातेवाइकांशी बोलणं हेही नर्सचंच काम आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

पुढच्या महिन्यापासून मी स्टाफ नर्स म्हणून रुजू होते आहे. काही वर्षांनी माझ्या शेजारीही विद्यार्थिनी उभी असेल. तिला मी उत्तर सांगायच्या आधी प्रश्न विचारीन.

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी’

या पत्रात विशेषणं जवळजवळ नाहीत. ‘थोर’, ‘दैवत’, ‘दीपस्तंभ’ यांपैकी काही नाही. प्रत्येक परिच्छेदात प्रिसेप्टरने केलेली एक कृती आहे आणि त्यामुळे विद्यार्थिनीच्या कामात झालेला एक बदल आहे. हे दोन धागे जुळले की पत्र आपोआप त्याच एका सिस्टरचं होतं, दुसऱ्या कुणालाही पाठवता येत नाही. तिसरा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन गोष्टी सिस्टरनी शिकवायचं ठरवून शिकवल्या. तिसरी त्यांनी सहज केली आणि मुलीने पाहून उचलली. कुणी बघत होतं हे प्रिसेप्टरला पत्रावाचून कधीच कळलं नसतं.

पत्र कधी द्यायचं, हेही सांगायला हवं. प्रिसेप्टर लॉगबुकवर सह्या करते, काही ठिकाणी मूल्यमापनातही तिचं मत घेतलं जातं. त्यामुळे मूल्यमापन होण्याआधी दिलेलं पत्र, ते कितीही प्रामाणिक असलं तरी, तिला अवघडून टाकतं. सगळ्या सह्या झाल्यावर, शक्यतो शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर द्यावं. त्याच कारणाने पत्राबरोबर महागडी भेट नको. वर्गाने मिळून वॉर्डाला खाऊ नेला तर हरकत नाही, पण एका मुलीने एका सिस्टरला दिलेली साडी किंवा घड्याळ पुढच्या तुकडीवर नकळत ओझं टाकतं.

पत्र हाताने लिहावं, एका पानात बसवावं, आणि ओव्हरच्या गडबडीत हातात कोंबू नये. पाळी संपताना, चहाच्या वेळी द्यावं. प्रिसेप्टर पुरुष असेल तर वॉर्डात त्यांना जे म्हणत होता, ‘सर’ किंवा ‘ब्रदर’, तेच संबोधन पत्रात ठेवावं. रोज ‘सिस्टर’ म्हणून हाक मारलेल्या बाईंना पत्रात एकदम ‘परमपूज्य गुरुवर्य’ म्हटलं की दोघींमधलं खरं नातं झाकलं जातं.

पत्राची एक प्रत मेट्रन मॅडमना द्यावी का, असं मुली विचारतात. द्यावी, पण प्रिसेप्टरला विचारून. विद्यार्थी शिकवण्याचं काम रुग्णालयाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. किती रुग्ण भरती झाले, किती इंजेक्शनं गेली, हे मोजलं जातं. किती मुलींना विचार करायला शिकवलं, हे मोजलं जात नाही. वरिष्ठांच्या टेबलावर असं पत्र गेलं तर त्या कामाची निदान एक नोंद होते. मात्र त्यात इतर सिस्टरांशी तुलना नको, वॉर्डातल्या त्रुटींबद्दल शेरे नकोत. तक्रार असेल तर ती कॉलेजमार्फत वेगळी मांडावी. आभाराच्या पत्रात ती मिसळली की दोन्हींचं नुकसान होतं.

सगळ्यांनाच चांगली प्रिसेप्टर मिळत नाही, हेही खरं आहे. कुणाच्या वाट्याला अशी सिस्टर येते की जी वेळेअभावी काही शिकवू शकत नाही, फक्त कामं सांगते. तिला खोटं पत्र लिहू नये. तिच्याकडून एखादी गोष्ट जरी मिळाली असेल, ड्रेसिंगची ट्रे नेमकी कशी लावायची एवढी का असेना, तेवढ्यापुरत्या दोन ओळी लिहाव्यात. दोन खऱ्या ओळी कुणालाही पुरतात.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नर्सच्या घडणीचे पाच टप्पे मांडले, अगदी नवख्यापासून निष्णातापर्यंत. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट इथे लागू पडते. निष्णात नर्सला परिस्थिती एका नजरेत कळते, पण ती कशी कळली हे तिला नेहमी शब्दांत सांगता येत नाही. सराव इतका मुरलेला असतो की पायऱ्या दिसेनाशा होतात. ‘पिशवीत किती आहे गं?’ हा प्रश्न त्या सिस्टरने विचारपूर्वक आखून विचारलेला नसेल. तो तिच्या तोंडून सहज आला असेल. विद्यार्थिनीला मात्र त्याच्या पायऱ्या दिसतात, कारण ती अजून त्या चढते आहे. म्हणून नेमकं लिहिलेलं पत्र प्रिसेप्टरला तिचंच कौशल्य उलगडून दाखवतं. आपण काय करतो तेव्हा मुली शिकतात, हे तिला कळतं आणि पुढच्या तुकडीबरोबर ती ते जाणून-बुजून करू लागते.

म्हणून यंदा शेवटच्या सत्रात असलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की पोस्टिंग संपण्याची वाट न बघता आजपासून एक छोटी वही खिशात ठेवा. पाळी संपली की प्रिसेप्टरने विचारलेला एक प्रश्न त्यात लिहा. रुग्णाबद्दल काही नको, फक्त प्रश्न. सत्र संपेल तेव्हा पत्राचा मजकूर तुमच्याजवळ तयार असेल, आणि पुढे तुमच्या शेजारी उभी राहणाऱ्या विद्यार्थिनीला काय विचारायचं, तेही.